पांढऱ्या पेशी, घट्ट रक्त आणि ‘एसओएस’ : रिपोर्ट मराठीत सांगण्याच्या विद्येची प्रस्तावना

पावसाळा सरत आला की पैठण रस्त्यावरच्या चितेगावात तापाचे दिवस सुरू होतात. कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या या गावात भाड्याच्या खोल्या पुष्कळ, आणि खोलीखोलीत पाण्याने भरलेले ड्रम. डेंग्यूच्या डासाला याहून अधिक काही लागत नाही. अशा दिवसांत कोणाच्याही दारात उभे राहिले तर एक वाक्य कानावर पडते : ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्यात.’

हे वाक्य बोलणाऱ्याच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो आणि त्याचे बोट बहुतेक वेळा प्लेटलेटच्या ओळीवर असते. प्लेटलेट म्हणजे पांढऱ्या पेशी नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात, प्लेटलेट रक्त गोठवून वाहणे थांबवतात. रिपोर्टात दोन्हींच्या ओळी वेगळ्या असतात. डेंग्यूत मात्र बहुधा दोन्ही उतरतात, त्यामुळे ही गल्लत कधी उघडी पडत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात तशीच परत येते. ती पोचलेल्या घरात कोणाला वाटते, अंगातली रोगाशी लढायची ताकद गेली, आता फळे खाऊ घालावीत. हिरड्यांतून रक्त येतेय का, अंगावर लाल ठिपके उठलेत का, हे पाहायला हवे, हे कोणी सांगत नाही, कारण ‘पांढऱ्या पेशी’ या शब्दांतून रक्त वाहण्याची भीती सूचितच होत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी आणि लॅबचा रिपोर्ट रुग्णाच्या रोजच्या मराठीत उतरवणे, हे ज्या विद्येचे काम आहे तिची ही प्रस्तावना. आशाताई, परिचारिका, औषध-दुकानात बसणारी मुले, घरातला जरा शिकलेला भाचा, भाषेचे विद्यार्थी, कोणीही या वाटेने यावे. इंग्रजी थोडी कच्ची असली तरी चालेल. आकडा वाचून लगेच अर्थ सांगून मोकळे होण्याची घाई मात्र इथे चालत नाही.

मराठवाड्याला संज्ञा घडवण्याचा जुना वारसा आहे, आणि तो मराठीपुरता नाही. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्याच्या पाठ्यपुस्तकांसाठी हैदराबादेत दारुल तर्जुमा हा भाषांतर-विभाग होता, आणि वैद्यकासकट सगळ्या आधुनिक शास्त्रांच्या संज्ञा तिथे उर्दूत घडवल्या जात. त्या विभागाचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक यांचा औरंगाबादशी जवळचा संबंध होता. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम त्यांनी बराच काळ इथूनच चालवले. संज्ञा कशा घडवाव्यात यावर वहीदुद्दीन सलीम यांनी ‘वज़-ए-इस्तिलाहात’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे महाराष्ट्र झाला, १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि मराठीत परिभाषा कोशांची रांग उभी राहिली. प्लेटलेटला आपल्याकडे बिंबाणू, बिंबिका, रक्तपट्टिका असे शब्द सापडतात. शब्द नीट घडलेले आहेत. पण ते शिकणाऱ्यासाठी आणि शिकवणाऱ्यासाठी केलेले. तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईसाठी नव्हेत. तिला ‘बिंबिका’ आणि ‘प्लेटलेट’ दोन्ही सारखेच अनोळखी, फरक इतकाच की ‘प्लेटलेट’ हा शब्द पुढच्या दवाखान्यातला डॉक्टरही बोलणार आहे.

म्हणून या कामात पहिली निवड उलटी वाटेल अशी आहे : जो परका शब्द रुग्णाच्या तोंडी रुळला आहे, किंवा पुढे त्याला बोलावा लागणार आहे, तो तसाच ठेवायचा. शुगर, बीपी, किडनी, सलाईन, प्लेटलेट. त्यांना मराठी प्रतिशब्द देण्यात वेळ घालवू नये. तो वेळ त्या शब्दाचे काम सांगण्यात घालवावा. ‘प्लेटलेट म्हणजे रक्त वाहू लागलं तर ते थांबवणाऱ्या पेशी’ एवढे म्हटले की पुरे. आणि जो शब्द मराठी दिसतो पण भलत्या ठिकाणी चिकटला आहे, तो सोडवावा. ‘पांढऱ्या पेशी’चे तेच झाले आहे.

वारशाचा दुसरा धागा गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. तो आकडा जगभर सांगितला गेला. आपल्या कामाला मात्र त्यांचे ‘कानोसा’ हे पुस्तक अधिक जवळचे आहे. स्त्रिया आपल्या अंगाविषयी आपसांत कोणत्या शब्दांत बोलतात, ते तिथे ऐकून घेतलेले आहे. कोशकार शब्द वरून खाली पाठवतो. इथे शब्द खालून वर आले. रिपोर्ट सांगणाऱ्याला दोन्ही दिशांनी जा-ये करावी लागते, पण सुरुवात खालून केलेली बरी.

आता एक रिपोर्ट घेऊन बसू. रुग्ण उदाहरणासाठी रचलेला आहे. आकडे डेंग्यूत जसे असतात तसे आहेत. वय २४, चितेगावात खोली करून राहणारा, कारखान्यात कामाला. तापाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये रक्त दिले, चौथ्या दिवशी शहरातल्या लॅबमध्ये. आई गावाहून आली आहे. दोन्ही कागद तिने आशाताईंपुढे ठेवले.

पहिल्या कागदावर : हिमोग्लोबिन १३.१, पीसीव्ही ३९.५, पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट १.४२. एनएस-वन पॉझिटिव्ह. पीसीव्हीपुढे ‘एल’ छापलेला, कारण पुरुषांसाठी त्या लॅबची मर्यादा ४० ते ५०.

दुसऱ्या कागदावर : हिमोग्लोबिन १५.९, पीसीव्ही ४७.८, पांढऱ्या पेशी २.९, प्लेटलेट ६८. पीसीव्हीपुढे काहीही नाही.

घरच्यांनी हे दोन कागद शेजारी ठेवून काय वाचले ते पाहा. ‘प्लेटलेट दीडवरून अडुसष्ट झाल्या, म्हणजे वाढल्या.’ ‘रगत तेरावरून सोळावर गेलं.’ ‘पहिल्या कागदावर खूण होती, आता नाही.’ आणि सकाळपासून ताप नाही. चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात : पोराला उतार पडला. आणि चारही फसव्या आहेत.

प्लेटलेटचे आधी सांगून टाकू, ते सोपे आहे. गावातल्या लॅबने आकडा लाखात दिला : १.४२ म्हणजे एक लाख बेचाळीस हजार. शहरातल्या लॅबने हजारात : ६८ म्हणजे अडुसष्ट हजार. वाढ नाही, दोन दिवसांत निम्म्याहून जास्त घट. पांढऱ्या पेशींचेही तसेच, तीन हजार नऊशेवरून दोन हजार नऊशे. एकक रिपोर्टात उजवीकडच्या रकान्यात बारीक अक्षरांत असते, आणि वाचणाऱ्याची नजर आकड्यावर थांबते. म्हणून नियम असा ठेवावा की प्लेटलेटचा आकडा तोंडाने सांगताना नेहमी पूर्ण बोलायचा, ‘अडुसष्ट हजार’. नुसते ‘अडुसष्ट’ म्हणून सोडायचे नाही. इथे मराठी आपल्या बाजूने आहे. लाख आणि हजार आपल्या बोलण्यात इतके मुरलेले आहेत की पूर्ण बोललेला आकडा कोणालाही तोलता येतो.

खरी मेख हिमोग्लोबिन आणि पीसीव्हीच्या ओळीत आहे. आपल्याकडे ‘रक्त कमी’ हे घराघरातले दुखणे, म्हणून ‘रक्त वाढलं’ ही आनंदाची बातमी. गरोदर बाईचे नऊवरून अकरा झाले तर ती आहेच. पण दोन दिवसांत, तापात, धड न जेवता, तेराचे सोळा कसे होईल? शरीर इतक्या झपाट्याने रक्त बनवत नाही. वाढलेले रक्त नाही. कमी झालेले पाणी आहे. डेंग्यूत केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर पोटात, छातीच्या पोकळीत झिरपतो. पेशी मागे राहतात, म्हणून उरलेल्या रक्तात त्यांचे प्रमाण जास्त दिसते. आमटी आटली की खारट लागते, मीठ कोणी वाढवलेले नसते.

पीसीव्ही हा आकडा तेच मोजतो : शंभर भाग रक्तात पेशींचा वाटा किती. ३९.५ वरून ४७.८ म्हणजे ८.३ ची वाढ, मूळच्या ३९.५ शी तिचे प्रमाण २१ टक्के. पीसीव्ही मूळपेक्षा २० टक्के किंवा जास्त चढला तर प्लाझ्मा झिरपत असल्याचे डॉक्टर धरून चालतात. म्हणजे आपला रुग्ण त्या रेषेच्या पलीकडे गेला आहे. आणि कागदावर खूण नाही! खूण कशी असेल? ४७.८ हा आकडा ४० ते ५० मध्ये व्यवस्थित बसतो. लॅबची मर्यादा निरोगी माणसांवरून काढलेली असते, या मुलाच्या आधीच्या रक्तावरून नव्हे. पहिल्या तपासणीत तो थोडा खाली होता म्हणून खूण पडली. आज मर्यादेत आहे म्हणून नाही. धोका मात्र पहिल्या कागदात नव्हता, दुसऱ्यात आहे.

या ‘मर्यादे’विषयी इथेच थोडे विस्ताराने बोलायला हवे, कारण रिपोर्ट वाचणाऱ्याचा निम्मा गोंधळ त्या रकान्यातून येतो. ‘नॉर्मल रेंज’ असे आपण म्हणतो, पण बहुतेक तपासण्यांत ती निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्के लोकांत आढळणारी पट्टी असते. म्हणजे १०० धडधाकट माणसे तपासली तर साधारण ५ जणांपुढे खूण पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या तर एकीत तरी खूण पडण्याची शक्यता जवळजवळ ६४ टक्के निघते. फुल बॉडी चेकअपच्या जाडजूड रिपोर्टात दोन-चार खुणा दिसल्या म्हणून रात्रभर जागणाऱ्याला हे सांगावे. उलट, शुगरच्या एचबीएवनसीची किंवा कोलेस्टेरॉलची मर्यादा अशी काढलेली नसते. ती कोणत्या आकड्यापासून नुकसान सुरू होते यावरून ठरवलेली असते. तिथे खुणेला वेगळे वजन. दोन्हींना मराठीत एकच ‘नॉर्मल’ म्हणून चालत नाही. पहिल्याला ‘बहुतेक निरोगी माणसांत एवढं असतं’ म्हणावे, दुसऱ्याला ‘याच्या वर गेलं तर त्रास व्हायला लागतो’.

परत त्या मुलाकडे. ताप गेला आहे, हे सगळ्यांत फसवे. ‘उतार पडणे’ हा आपला बरे होण्याचाच शब्द. ताप उतरला आणि माणूस बरा झाला, यांत भाषा फरक करत नाही. सर्दीतापात करायची गरजही नसते. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि एक ते दोन दिवस राहतो. म्हणून आशाताईंनी आईला सांगायचे ते असे काहीसे असेल :

‘काकू, ताप गेला हे चांगलंच, पण या तापात ताप गेल्यावरचे दोन दिवसच जपायचे असतात. या दोन कागदांत दिसतंय की पोराच्या अंगातलं रक्त घट्ट होऊ लागलंय. रक्त वाढलेलं नाही. आजच्या आज डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवा, आणि पीसीव्ही साडेएकोणचाळीसवरून जवळजवळ अठ्ठेचाळीस झालाय, असं त्यांना तोंडी सांगा.’

या चार-पाच वाक्यांत काय केले आहे ते बघण्यासारखे आहे. पीसीव्हीचे भाषांतर केलेले नाही. तो शब्द डॉक्टरसाठी जसाच्या तसा ठेवला आहे. ‘रक्त घट्ट होणे’ हे आईसाठी आहे. आजाराचे नाव नव्याने दिले नाही, ‘शॉक’ म्हटले नाही, ‘ॲडमिट करा’ असा निर्णयही दिला नाही. आकड्यातला बदल आणि त्याची निकड तेवढी पोचवली. आणि ‘दोन्ही कागद’ हे मुद्दाम. बहुतेक घरांतून माणसे नवा कागद नेतात आणि जुना घरी ठेवतात, तर इथे अर्थ दोन कागदांच्या मधल्या जागेत आहे.

प्लेटलेटविषयी आई विचारणारच, ‘पेशी चढवाव्या लागतील का?’ या प्रश्नापायी लोक रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांच्या चकरा मारतात. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्त कुठून वाहत नसेल तर प्लेटलेट १०,००० च्या खाली जाईपर्यंत केवळ आकड्यासाठी त्या चढवायची गरज सहसा पडत नाही. ६८,००० वर तर नाहीच. पण हे आपण आईला ‘गरज नाही’ अशा शब्दांत सांगू नये, ते डॉक्टरांनी सांगायचे. आपण एवढेच सांगावे की या आजारात फक्त प्लेटलेटकडे पाहून भागत नाही. घरात सगळ्यांना पाठ असलेला आकडा प्लेटलेटचा, आणि ज्याला मराठीत नावच नाही तो पीसीव्ही मुकाट चढत राहतो. मला वाटते, डेंग्यूच्या बाबतीत मराठीतली सगळ्यांत मोठी उणीव हीच आहे.

एनएस-वनची एक गोष्ट जाता जाता. हे डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तात सापडते आणि नंतर नाहीसे होते. सहाव्या दिवशी केलेली तपासणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणजे डेंग्यू नव्हता असे नाही. ‘निगेटिव्ह’चे ‘नाही’ असे भाषांतर करण्याऐवजी ‘या तपासणीत सापडला नाही’ असे केले तर खरे राहते.

आता चिठ्ठीकडे. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीवर चार ओळी आहेत. पीसीएम ६५०, एसओएस. पँटोप्राझोल ४०, ओडी, एसी. ओआरएस. आणि शेवटी : रिव्ह्यू एसओएस.

पीसीएम म्हणजे पॅरासिटामॉल. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते, आणि हे नाव बारीक. २०१६ पासून डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो ठळक सुट्या अक्षरांत लिहावे असा नियम आहे. तो पाळला गेला तर आपले अर्धे काम सोपे होते. मूळ नाव कळण्याचा उपयोग असा की घरात आधीच असलेल्या सर्दीच्या गोळीत हेच औषध आहे का, हे पाकीट उलटून बघता येते. तीच गोळी दोन नावांनी पोटात गेली तर यकृतावर भार पडतो, आणि डेंग्यूत यकृत अनेकदा आधीच सुजलेले असते.

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. एसी म्हणजे जेवणाआधी. इथे ‘उपाशीपोटी’ असे सांगण्याची सवय आहे, आणि उपवास असेल त्या दिवशी गोळी संध्याकाळपर्यंत राहून जाते. ‘सकाळी काहीही खाण्याआधी अर्धा तास’ असे सांगावे. जुन्या बायकांना ‘अनशापोटी’ म्हटले की लगेच कळते. बीडी, टीडीएस यांचेही असेच. ‘दिवसातून तीनदा’ म्हणण्यापेक्षा वेळ सांगितलेली बरी, आणि रात्रपाळीला जाणाऱ्या कामगाराला तर ‘सकाळ-दुपार-रात्र’ या शब्दांचाच उपयोग नाही. त्याची सकाळ दुपारी उजाडते. त्याला तास सांगावेत : या गोळीनंतर पुढची आठ तासांनी.

आणि एसओएस. ही एका लॅटिन वाक्याची आद्याक्षरे आहेत, अर्थ ‘गरज असेल तर’. चिठ्ठीवर ते दोनदा आले आहे. पहिल्यांदा भाषांतर सोपे : ताप असेल तरच ही गोळी, आणि दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी सहा तास. दुसऱ्यांदा मात्र ‘गरज पडली तर या’ हे शब्दशः बरोबर आणि कामाला शून्य. गरज म्हणजे काय, हे डॉक्टरच्या डोक्यात आहे, चिठ्ठीवर नाही. ताप गेला म्हणजे आईच्या मते गरज संपलीच! म्हणून इथे भाषांतरकाराने परत फिरायचे असते. डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारायचे, ‘कशाकशाला यायचं?’, आणि मग ते मराठीत उतरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली डेंग्यूच्या ज्या धोक्याच्या खुणा सांगितल्या, त्यांतल्या घरी दिसू शकतील अशा मराठीत साधारण अशा येतील : पोटात थांबत नाही अशी कळ; उलट्यांवर उलट्या, पाणीही ठरत नाही; नाकातून, हिरड्यांतून रक्त; मुलगा एकदम सुस्त पडणे किंवा उलट त्याची तगमग होणे. डॉक्टर यांत आणखी दोन घालतात : लघवी पाच-सहा तासांत न होणे, आणि हातपाय गार पडणे. काळ्या डांबरासारख्या संडासाचे वेगळे विचारावे लागते. लोक ते आपणहून सांगत नाहीत.

चिठ्ठीत जे लिहिलेले नाही तेही कधी सांगावे लागते. डेंग्यूत अंग मोडून येते, आणि ‘अंगदुखीची गोळी द्या’ म्हणून मेडिकलवरून घेतलेल्या गोळीत डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. या गोळ्या, तसेच ॲस्पिरिन, रक्त वाहण्याचा धोका वाढवतात. डॉक्टरांनी ‘पीसीएम’ लिहिले त्यात ‘फक्त’ हा शब्द गृहीत होता. मराठीत तो बोलून दाखवावा : ‘फक्त हीच गोळी, अंगदुखीची दुसरी कोणतीही नको.’

सांगून झाले की पोचले का, हे कसे कळणार? ‘समजलं का?’ असे विचारू नये. त्याला आपल्याकडे एकच उत्तर असते, आणि ते आदरापोटी दिलेले असते. परत सांगायला लावावे, पण परीक्षा वाटू नये अशा बेताने : ‘काकू, घरी गेल्यावर मामा विचारतील, डॉक्टर काय म्हणाले. तुम्ही त्यांना काय सांगाल?’ त्या म्हणाल्या, ‘रगत वाढलंय म्हणून पोराला दाखवायला न्यायचंय,’ तर समजावे की कृती पोचली, कारण पोचले नाही. कारण न पोचता कृती टिकत नाही. वाटेत कोणीतरी भेटते, ‘रगत वाढलंय तर कशाला नेता?’ म्हणते, आणि रिक्षा माघारी फिरते. मग पुन्हा आमटीपासून सुरुवात करायची.

लिखित भाषांतरालाही हीच कसोटी लागते. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या औषध-दुकानांत संगणकाने काढलेल्या स्पॅनिश सूचना २०१० च्या सुमारास तपासल्या गेल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या पट्ट्यांवर चुका निघाल्या. तिथली गाजलेली धास्ती एका शब्दाची : इंग्रजीत दिवसातून एकदा या अर्थी जो ‘वन्स’ लिहितात, ती अक्षरे स्पॅनिश माणूस ‘ओन्से’ अशी वाचतो, म्हणजे अकरा. आपल्याकडेही चिठ्ठीच्या कोपऱ्यात इंग्रजी आकडे आणि मराठी शब्द शेजारी शेजारी असतात. त्यात इंग्रजी ‘4’ आणि मराठी ‘५’ घाईने लिहिले की एकमेकांसारखे दिसतात. इंग्रजी ‘9’ आणि मराठी ‘१’ यांचेही तेच. गोळ्यांची संख्या आकड्यात लिहिली तर अक्षरातही लिहावी. एका चिठ्ठीवर दोन लिप्यांतले आकडे नसावेत.

या विद्येची हद्दही सांगितली पाहिजे. जवळपास प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ असते, तिचा आशय असा की हे आकडे रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावेत. लोकांना ती छापील औपचारिकता वाटते. ती लॅबने डॉक्टरला लिहिलेली ओळ आहे. यंत्राने दाखवलेल्या ६८,००० प्लेटलेट खरोखर तेवढ्याच असतात असे नाही. कधी नळीतल्या औषधाने प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्र कमी मोजते, मग काचेवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावे लागते. आपल्या मुलाचा पीसीव्ही चढला तो प्लाझ्मा झिरपल्यामुळे की नुसत्या उलट्यांनी पाणी कमी झाल्यामुळे, हेही कागदावरून कळत नाही. त्याला नाडी, रक्तदाब, पोटाची सोनोग्राफी लागते. तळाच्या त्या ओळीचे मराठी मी एवढेच करतो : ‘हा कागद डॉक्टरांनी तुम्हाला तपासून मग वाचायचा आहे.’ आणि चितेगावातून संध्याकाळी घाटी रुग्णालयात पोचणाऱ्या त्या आईला सांगतो की आत गेल्यावर आधी पोराला पुढे करा, कागद मागून द्या. फक्त दोन्ही द्या, आणि तारखा वरच्या बाजूला दिसतील असे धरा.